‘इरेट’ कॉलनंतरची दोन मिनिटे

मीरा रोडहून मालाडच्या कॉल सेंटरला रात्रपाळीसाठी जाणाऱ्या तरुणांच्या बोलण्यात ‘इरेट’ हे चक्क नाम असते. ‘आज तीन इरेट आले’, म्हणजे तीन संतापलेले ग्राहक. वरिष्ठालाच फोन द्या म्हणून अडून बसतो, तो ‘सुप कॉल’. ऐकायला टिंगल वाटते. पण असे नाव दिले की शिवी थोडी कमी लागते.

ग्राहक ‘तुमच्या बँकेने लुटले’ म्हणतो, तेव्हा राग कंपनीवरचा असतो. तो ऐकून घ्यायचा. गोष्ट आईबहिणीवर आली की आवाज न चढवता सांगायचे, ‘सर, मदत करायची आहे, पण ही भाषा थांबली नाही तर कॉल बंद करावा लागेल.’ तरीही थांबला नाही, तर शेवटची सूचना देऊन कॉल बंद. नोंदीत मात्र त्याचे नेमके शब्द हवेत. नुसते ‘ग्राहक उद्धट’ लिहिले, तर फोन तोडल्याचा ठपका एजंटवरच येण्याची भीती.

खरी अडचण पुढे आहे. आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्ये अशा कामाला ‘भावनिक श्रम’ म्हटले. छाती धडधडत असतानाच पुढचा कॉल येतो आणि तुटक उत्तर मिळते ते बिचाऱ्या सभ्य ग्राहकाला. शिवीगाळीनंतरची दोन मिनिटे कॉलच्या सरासरी वेळेत मोजूच नयेत.