अंडी बंद नकोत, तापाकडे लक्ष हवे

जुलाब लागले की "अंडी-कोंबडी खाता म्हणून" असे आपल्याला ऐकवले जाते. आम्हाला ते मान्य नाही. दोष अंड्याचा नाही, कच्चेपणाचा आहे. कोंबडीच्या आतड्यातला साल्मोनेला जंतू पूर्ण शिजवल्यावर मरतो. म्हणून बलक घट्ट होईपर्यंत अंडे शिजवा आणि कोंबडी कापलेली सुरी धुतल्याशिवाय कांद्या-टोमॅटोला लावू नका.

रविवारी रात्री कच्चट अंडे खाल्ले, तर बहुधा सोमवार-मंगळवारी मुरडा, जुलाब, ताप सुरू होतो. बहुतेकांना 4 ते 7 दिवसांत आराम पडतो. तोवर 1 लिटर पाण्यात ओआरएसचे मोठे पाकीट विरघळवून घोट घोट पाजत राहा. मनाने अँटिबायोटिक घेऊ नका.

पण लघवी जवळजवळ बंद झाली, डोळे खोल गेले, पाजलेले पोटात टिकेना, मूल सुस्त पडले, तर सलाइन लागते. लगेच रुग्णालय गाठा. जुलाब थांबूनही ताप व हुडहुडी राहिली, तर जंतू रक्तात गेलेला असू शकतो.

विदर्भात आपल्या अनेक घरांत सिकलसेल आहे. अशा रुग्णाच्या हाडातही हा जंतू शिरतो. त्याला, तान्ह्या बाळाला आणि म्हाताऱ्यांना ताप येताच रुग्णालयात न्या. सिकलसेल असल्याचे डॉक्टरांना आधी सांगा आणि रक्ताच्या कल्चर तपासणीबद्दल विचारा.