किराणा दुकानाची ऑर्डर: आठवड्यातून एकदा की दोनदा?

"भांडवल कमी आहे, मग माल एकदाच जास्त भरू की थोडा थोडा आणू?" हा प्रश्न बरेच जण विचारतात. माझं मत असं आहे की याचं उत्तर होलसेलरच्या स्कीममध्ये शोधू नका. ते तुमच्या दुकानातून रिकाम्या हाती परत जाणाऱ्या गिऱ्हाइकात आहे.

आधी हिशोब बघा. समजा, रोजचा खप खरेदी भावाने 6,000 रुपयांचा आहे आणि ऑर्डर दिल्यावर माल दुसऱ्या दिवशी येतो. फक्त मंगळवारी ऑर्डर दिली, तर पुढच्या मंगळवारपर्यंतचे 7 दिवस, माल यायचा 1 दिवस आणि राखीव 1 दिवस, म्हणजे 9 दिवसांचा माल धरावा लागतो. हातातला आणि येणारा मिळून तो 54,000 रुपयांचा होतो. मंगळवारी आणि शुक्रवारी ऑर्डर दिली, तर जास्तीत जास्त अंतर 4 दिवसांचं. त्यात तेच 2 दिवस मिळवले की 6 दिवसांचा माल, म्हणजे 36,000 रुपये. म्हणजे 18,000 रुपये मोकळे झाले, शिवाय रॅकवर जागाही झाली.

पण हे फुकट मिळत नाही. टेम्पो आणि हमाली मिळून एका फेरीला 300 रुपये लागत असतील, तर दुसऱ्या फेरीचा हा खर्च दर आठवड्याला वाढला. मोकळे झालेले पैसे गल्ल्यात नुसते पडून राहणार असतील, तर आठवड्यातून एकदाच ऑर्डर द्या, तेच बरं.

म्हणून एक आठवडा काउंटरवर वही ठेवा. गिऱ्हाइकाने मागितलेली आणि आपल्याकडे नसलेली प्रत्येक वस्तू किमतीसकट लिहा. सरासरी 6 टक्के मार्जिन धरलं, तर 300 रुपये भरून निघायला 5,000 रुपयांची जादा विक्री लागते. वहीतली बेरीज त्याच्या बरीच वर गेली तरच दोनदा ऑर्डर द्या. जेमतेम 5,000 असेल तर थांबा, कारण मागितलेलं सगळंच पुढच्या वेळी विकलं जाईल असं नाही.

दोनदा ऑर्डर द्यायची ठरली, तरी सगळा माल दोनदा मागवू नका. साखर, तेल, आटा असा जड आणि भराभर संपणारा माल दोन्ही फेऱ्यांत घ्या. साखर रोज 10 किलो जात असेल, तर 6 दिवसांना 60 किलो लागते. शुक्रवारी 22 किलो शिल्लक असेल, तर 50 किलोचं एकच पोतं पुरतं. अगरबत्ती, खडा मसाला असा हळू जाणारा माल 15 दिवसांनी एकदा आणला तरी चालतो. पावसाळ्यात रवा मात्र कधीच साठवू नका. एका पोरकिड्याने स्कीमची सगळी बचत जाते.

पगाराच्या आठवड्यात आणि सणाच्या आधी खप वाढतो, तेव्हा रोजचा आकडा नव्याने धरा. तुमच्या वहीतली बेरीज किती आली, ते कमेंटमध्ये नक्की लिहा.