उंबरठ्यावरची फेरपरीक्षा

गेल्या रविवारी आमचा भाचा काचीगुड्याहून सकाळी सकाळीच आला. चहाचा पेला हातात घेण्यापूर्वीच त्याने खिशातील फोन काढून एका शेअरचा आलेख आमच्या पुढ्यात धरला. तीन वर्षे ४०० रुपयांच्या आसपास अडून राहिलेला भाव शुक्रवारी ४२२ वर बंद झाला होता. "मामा, सोमवारी बाजार उघडताच घेऊ, की ४०० पर्यंत परत येण्याची वाट पाहू?" असा त्याचा प्रश्न होता. पैसे त्याच्या मुलीच्या पुढील शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले होते. त्यामुळे उत्तर देण्यापूर्वी आम्हांला थोडा विचार करावा लागला, आणि त्या विचारात दहा-बारा वर्षांपूर्वीचा एक हिवाळा आठवला. त्या हिवाळ्यात आम्ही दोघेही चुकलो होतो. तो घाईने, आम्ही धीराने.

आमच्या पिढीतील हैदराबादकरांना शेअरबाजार म्हटले की १९४३ साली स्थापन झालेला आपल्या शहराचा स्वतःचा बाजार आठवतो. त्याची मान्यता २००७ मध्ये संपली. आता सौदे फोनवर होतात, पण माणसाचे मन जुनेच आहे. ज्याला आज 'ब्रेकआउट' म्हणतात, ती गोष्ट याच जुन्या मनाची आहे.

एखाद्या भावापाशी तेजी पुनःपुन्हा का अडते, हे आधी पाहू. तेथे पूर्वी खरेदी करून अडकलेले लोक असतात. "आपले पैसे सुटले की निघू," असा त्यांचा संकल्प असतो, आणि भाव तेथे पोचला की ते विकतात. हा सगळा माल कोणीतरी पचवला, की वाट मोकळी होते व भाव वर निसटतो. मग तो थोडा खाली आला, तर चित्र उलटते. विकून पस्तावलेले लोक त्याच भावाला परत घेऊ पाहतात, मागे राहिलेलेही तेथेच टपलेले असतात, आणि मंदीचा सौदा करून फसलेले आपला सौदा तेथे गुंडाळतात. तळमजल्याचे छत तीच वरच्या मजल्याची जमीन, तसा हा प्रकार आहे. ओलांडलेल्या पातळीवर भाव परत येऊन तेथे टिकतो की नाही हे पाहणे, यालाच 'रीटेस्ट' म्हणतात. आम्ही त्याला फेरपरीक्षा म्हणतो.

आता त्या हिवाळ्याची हकीकत. १० जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्सने २१,२०६ चे शिखर गाठले होते, आणि त्यानंतरच्या पडझडीत कित्येक घरांची बचत अडकली. जवळजवळ सहा वर्षांनी, ३ नोव्हेंबर २०१३ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताच्या सौद्यांत निर्देशांक २१,२३९ वर बंद झाला. जुने शिखर ओलांडले गेले! आमच्या भाच्याने त्याच संध्याकाळी, आईच्या मुदतठेवीतून मोडलेले तीन लाख रुपये निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या एका फंडात घातले. मुहूर्तही शुभ आणि शिखरही सर, मग थांबायचे कशाला, असा त्याचा हिशेब होता.

महिन्याच्या मध्यापर्यंत सेन्सेक्स २०,२०० च्या आसपास उतरला होता. ९ डिसेंबरला, चार राज्यांच्या निवडणुकांच्या निकालांनंतर, तो दिवसाच्या आरंभी २१,४८३ पर्यंत उसळला आणि २१,३२६ वर बंद झाला. पण आठ-दहा दिवसांत २०,६०० च्या घरात आला. २३ जानेवारी २०१४ रोजी तो २१,३७३ वर बंद झाला, आणि फेब्रुवारीच्या मध्यास पुन्हा २०,२०० च्या जवळ होता. तीन वेळा उंबरठा ओलांडला आणि तिन्ही वेळा पाय मागे घसरला. तिसऱ्या वेळी भाच्याचा धीर सुटला. त्याने सारे विकले. तोटा सुमारे पंधरा हजारांचा झाला. आमच्या ताईंनी एका शब्दानेही त्याला दोष दिला नाही, आणि तेच त्याला अधिक लागले.

या घसरणींत पाहण्याजोगे असे, की २१,२०६ ची पातळी परीक्षेत उतरली नाही हे प्रत्येक वेळी काही दिवसांतच कळत होते. भाव पातळीवर येऊन थांबला नाही. तो तिच्यातून सरळ खाली गेला व खालीच बंद होत राहिला. याचा अर्थ अडकलेल्यांचा माल अजून संपलेला नव्हता. जो फेरपरीक्षेसाठी थांबला असता, त्याला तिन्ही वेळा खरेदीचे कारणच मिळाले नसते.

येथवर धीराचा विजय दिसतो, आणि आम्हीही त्या वेळी असेच समजून बसलो होतो. ७ मार्च २०१४ रोजी सेन्सेक्स २१,९१९ वर बंद झाला. ही झेप आधीच्या तिन्हींपेक्षा ठसठशीत होती. आमच्याकडेही निवृत्तीच्या रकमेपैकी तीन लाख तयार होते. आम्ही वहीत लिहून ठेवले, "२१,२०६ पर्यंत परत आल्यावर घेणे." भाव दोन आठवडे रेंगाळला, २०-२१ मार्चच्या सुमारास २१,७०० च्या आसपासपर्यंत वाकला, आणि तेथूनच परत फिरला. २४ मार्चला तो २२,०५५ वर बंद झाला, आणि १६ मे रोजी, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, २४,१२१ वर. आमची वही तशीच उघडी राहिली. ७ मार्चच्या भावाने पाहिले तर हातचे सुमारे तीस हजार गेले. भाच्याचा तोटा पासबुकात दिसत होता, आमचा कोठेच दिसत नव्हता. एवढाच काय तो फरक.

या दोन चुकांकडे नीट पाहिले, तेव्हा आम्हांला एक गोष्ट उमगली, आणि आजच्या लेखाचे सार तेच आहे. खोटा ठरणारा प्रत्येक ब्रेकआउट पातळीवर परत येतोच. खरे मात्र सगळे परत येत नाहीत, आणि जे अतिशय जोमदार असतात ते तर बहुधा येतच नाहीत. म्हणून जो केवळ "भाव परत आला" एवढ्यावर खरेदी करतो, त्याच्या पदरात सारे खोटे पडतात आणि उत्तमांतले काही निसटतात. वाट पाहण्याची ही किंमत आहे. तिच्या बदल्यात काही मिळवायचे असेल, तर परत येण्याची नव्हे, टिकण्याची वाट पाहिली पाहिजे. फेरपरीक्षेला बसणे म्हणजे उत्तीर्ण होणे नव्हे.

टिकला हे कसे ओळखावे? भाव खाली येताना दररोजची उलाढाल आटत गेलेली असावी. पातळीपाशी तो दिवसभरात जरासा खाली डोकावला तरी चालेल, पण बंद होताना वर असावा. आणि त्यानंतर एखाद्या दिवशी, वाढत्या उलाढालीने, त्या वाकण्याच्या दिवसाचा उच्चांक त्याने ओलांडावा. ही तिसरी खूण दिसली की खरेदी करावी, त्यापूर्वी नाही. उलट, उतरताना उलाढाल वाढत असेल आणि भाव दोन-तीन दिवस पातळीखालीच बंद होत असेल, तर तो विषय मिटला असे समजावे.

आमची चूक आणखी एका ठिकाणी होती. पातळी म्हणजे पट्टीने ओढलेली रेघ, असे आम्ही धरले होते. खरे तर तो एक पट्टा असतो. २००८ चे शिखर २१,२०६, आणि ९ डिसेंबरचा उच्चांक २१,४८३. म्हणजे विक्रेते या साऱ्या पट्ट्यात पसरलेले होते. मार्चमधील वाकणे या पट्ट्याच्या वरच्या कडेपासून जेमतेम एक टक्का दूर होते. भावाने उंबरठ्याला हात लावला नाही, दुरूनच नमस्कार केला. पण परीक्षा तीच होती. ज्याने २४ मार्चला २२,०५५ ला घेऊन २१,७०० च्या खाली विक्रीची मर्यादा ठेवली असती, त्याने सुमारे साडेतीनशे अंकांचाच धोका पत्करला असता. ७ मार्चला घेणाऱ्याला मात्र आपली मर्यादा २१,२०० च्या खाली, म्हणजे सातशेहून अधिक अंक दूर ठेवावी लागत होती. उशिरा घेणाऱ्याने भाव अधिक दिला, पण धोका निम्मा घेतला.

भाच्याला आम्ही त्याच्याच शेअरचा हिशेब मांडून दाखवला. चूक ठरल्यास ३९४ ला विकायचे, हे दोन्ही पक्षी सारखेच. सोमवारी ४२२ ला घेतला तर शेअरमागे धोका २८ रुपयांचा. ४०० च्या पट्ट्यात टिकून ४०८ ला घेतला तर १४ चा. सात हजारांहून अधिक तोटा सोसायचा नाही असे ठरवले, तर पहिल्या रीतीने अडीचशे शेअर घेता येतात, दुसरीने पाचशे. पण भाव परत आलाच नाही, तर दुसऱ्या रीतीने हाती शून्य राहते.

"मग मामा, नक्की काय करू?" त्याने विचारले. आम्ही सांगितले, की घ्यायचेच असेल तर निम्म्या धोक्याचे, म्हणजे सव्वाशे शेअर आता घे. उरलेला निम्मा धोका फेरपरीक्षेसाठी राखून ठेव, आणि त्या वाट पाहण्यालाही चार आठवड्यांची मुदत घाल. मधेच भाव दुरून नमस्कार करून नवा उच्चांक गाठू लागला, तर तीच फेरपरीक्षा समज. विक्रीची मर्यादा त्या वाकण्याच्या तळाखाली ठेव, आणि तिच्या अंतरावरून शेअरांची संख्या काढ.

एक सावधगिरी मात्र हैदराबादकराला वेगळी सांगायला नको. ७ जानेवारी २००९ रोजी रामलिंग राजूंचे पत्र बाहेर पडले, आणि सत्यमचा शेअर एका दिवसात सुमारे १७९ रुपयांवरून ४० च्या घरात आला. मधल्या कुठल्याच पातळीवर तो थांबला नाही आणि कुणाचीही ठरवलेली मर्यादा त्याने पाळली नाही. आलेख हा खरेदी-विक्री करणाऱ्यांच्या मनाचा असतो. कंपनीच्या हिशेबाच्या वह्या त्यात दिसत नाहीत. म्हणून एका शेअरमध्ये मुलीच्या शिक्षणाचे सगळे पैसे घालू नकोस, असे आम्ही त्याला बजावले.

त्याने मान डोलावली, आणि आमच्याच जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर लिहिले: "४२२ ला निम्मे. बाकी टिकल्यावर. मुदत चार आठवडे." वरच्याच पानावर आमची २०१४ ची ओळ होती. ती त्याने वाचली असावी, पण तो काही बोलला नाही. थंड झालेला चहा मात्र त्याने निमूटपणे संपवला.