तारीखवार तक्रार आणि नळाचे पाणी

बुलढाणा जिल्ह्यात नगरपरिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे जाणाऱ्या पाण्याच्या तक्रारी बहुधा दोन वेगवेगळ्या अर्जांत विभागलेल्या असतात. एका अर्जात पाणी गढूळ आणि दुर्गंधीयुक्त असल्याचे लिहिलेले असते, तर दुसऱ्यात पाण्याला दाब नसल्याचे. ज्या गावांत नळ रोज न येता काही दिवसांआड पाळीने येतो, तेथे मात्र या दोन तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकच असते. ते मूळ शोधण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे तारीखवार लिहिलेला अर्ज होय. असे अर्ज फार थोडे लिहिले जातात, ही खेदाची बाब आहे.

पाणी सोडलेले असते तेव्हा जलवाहिनीतील दाब बाहेरच्या मातीतील पाण्याच्या दाबापेक्षा अधिक असतो. त्यामुळे जोडणीत फट असली तरी पाणी बाहेर झिरपते आणि बाहेरची घाण आत येऊ शकत नाही. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर वाहिनी हळूहळू रिकामी होते, उतारावरच्या भागात पाणी ओढले जाऊन आत ऋण दाब, म्हणजे शोषून घेणारी पोकळी, निर्माण होते आणि गटाराला लागून गेलेल्या फुटक्या जोडणीतून सांडपाणी आत शिरते. पुढच्या पाळीला पहिल्या काही मिनिटांत तेच पाणी घरोघरी पोहोचते. पाणी सुरू असतानाही काही घरांनी टुल्लू पंप थेट नळाला जोडला, तर वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असाच ऋण दाब तयार होतो. म्हणून दाब नसलेल्या गल्लीतच दूषित पाण्याची शक्यता अधिक असते.

अर्जदाराने पुढील काही पाळ्यांना नेमके काय पाहावे, हे यावरून ठरते. घाण पाणी फक्त सुरुवातीला येऊन नंतर स्वच्छ होत असेल, तर दोष वाटेतील वाहिनीत आहे. पाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत आणि सर्व गावात गढूळ असेल, तर दोष उद्भवात किंवा जलशुद्धीकरण केंद्रात आहे. शेजारी स्वच्छ पाणी येत असून एकाच घरी घाण येत असेल, तर मुख्य वाहिनीपासून घरापर्यंत येणारी जोडनळीच तपासावी लागते. दाबाचे मोजमापही घरच्या घरी होते. नळाला पारदर्शक नळी लावून ती उभी धरली असता पाणी जितक्या उंचीवर स्थिरावते तितका तेथील दाब, आणि दीर्घकाळ वापरात राहिलेल्या केंद्रीय नियमपुस्तिकेने एकमजली घरासाठी तो 7 मीटर अपेक्षिला होता. नळी नसेल तर 15 लिटरची बादली भरण्यास लागलेला वेळ लिहिला तरी पुरे.

उदाहरणादाखल, दर पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या एखाद्या प्रभागातील अर्जाचा मुख्य भाग असा असू शकेल: ‘दि. 4 जून रोजी सकाळी 6.10 वाजता पाणी सुरू झाले. पहिली दहा मिनिटे काळसर व गटाराचा वास असलेले पाणी आले, नंतर ते स्वच्छ झाले. 15 लिटरची बादली भरण्यास चार मिनिटे लागली. दि. 9 जून रोजी हाच प्रकार घडला. दि. 14 जून रोजी पाणी आलेच नाही. दि. 19 जून रोजी पहिली पंधरा मिनिटे घाण पाणी आले; गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घरांत मात्र पाणी स्वच्छ होते.’ शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे, कारण गल्लीचे तोंड आणि अर्जदाराचे घर यांच्या दरम्यानच गळती असल्याचे ते सुचवते आणि खोदकाम कोठे करावे हे अभियंत्याला त्यातून कळते.

अर्जात रोगाचे निदान लिहू नये, निरीक्षण लिहावे. डिसेंबर 2024 अखेर आणि जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला. तपासणीत काही ठिकाणी नायट्रेट आणि विरघळलेले क्षार जास्त आढळलेही, परंतु पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे लक्ष वेधले. पाणी सदोष असणे आणि विशिष्ट आजार त्यामुळेच होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाणीपुरवठा विभागाला पहिल्या गोष्टीचेच उत्तर देता येते. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे जेथे भूजलच खारे आहे अशा पट्ट्यात, अर्ज आणखी वेगळा होतो. तेथील क्षार आणि नायट्रेट क्लोरीनने किंवा उकळून जात नाहीत, त्यामुळे वाहिनी दुरुस्त करण्याऐवजी पर्यायी उद्भवाचीच मागणी करावी लागते.

नळाच्या अर्जातील मागणीही नेमकी असावी. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ या वाक्यावर कोणीही काही करीत नाही. मागणी अशी हवी की, पुढील पाळीला पाणी सुरू झाल्यापासून पहिल्या दहा मिनिटांत, अर्जदाराच्या उपस्थितीत, याच नळावरून नमुना घ्यावा. तासाभराने घेतलेला नमुना निर्दोष ठरतो आणि तक्रार निकाली काढली जाते. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच लागते, त्यामुळे घरच्या बाटलीत भरून नेलेल्या पाण्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्याच वेळी ओ.टी. चाचणीचीही मागणी करावी. या चाचणीत ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे असे समजते. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी तो प्रतिलिटर किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. जलकुंभाशी रंग पिवळा आणि घराशी रंगच नाही, असा निकाल आला तर वाटेत शिरलेल्या घाणीने क्लोरीन संपवला असल्याचा दाट संशय घेता येतो.

शहरात हा अर्ज नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्यावा. खेड्यात तो ग्रामपंचायतीकडे देऊन त्याची प्रत जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवावी. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. दुसऱ्या अर्जात विषयाखालील ‘संदर्भ’ या ओळीत पहिल्या अर्जाचा तोच क्रमांक आणि दिनांक येतो, आणि तेथूनच विभागाचा विलंब कागदावर मोजता येऊ लागतो. तोंडी किंवा फोनवर केलेल्या तक्रारींचा असा हिशेब राहत नाही.

उत्तर न आल्यास माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली अर्ज करावा. त्यावर 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार तो एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. त्यात दूषित पाणी आलेल्या त्याच तारखांच्या ओ.टी. चाचणीच्या नोंदी, व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळा आणि प्रयोगशाळेचे अहवाल मागावेत. येथेच तारखांचा खरा उपयोग दिसतो. तारीख नसेल तर कोणत्या दिवसाची नोंद मागायची हेच सांगता येत नाही. तारीख असेल तर कोरे पानसुद्धा त्या दिवशी चाचणी झाली नसल्याचा पुरावा ठरते.

म्हणून ज्या घरी असे पाणी येते त्या घराने नळाच्या दिवशीच वेळ, रंग, वास आणि बादली भरण्याचा अवधी वहीत लिहून ठेवावा, आणि शेजारच्या दोन-तीन घरांनीही तसेच करावे. आठवणीतून लिहिलेली एखादी तारीख पाणी न सोडलेल्या दिवसाची निघाली, तर तेवढ्या एका चुकीवर संपूर्ण अर्ज बाजूला ठेवला जाऊ शकतो.