शेजाऱ्याकडे वळा, पण वाट सोडू नका

तीनशे माणसांच्या सभेत पाळकांनी उपदेश मध्येच थांबवला आणि सांगितलं, "शेजारच्याशी बोला, प्रेम म्हणजे काय?" ओळखीचे लोक गप्पांत रमले, एकटे आलेले मोबाइल काढून बसले. पाच मिनिटांनी सभा शांत झाली तेव्हा मूळ मुद्दा माझ्या रांगेत कुणालाच आठवत नव्हता. सभेला बोलतं करावंच, पण ज्याच्या उत्तरावाचून कथा पुढे सरकत नाही, असाच प्रश्न विचारावा, हे माझं तेव्हापासूनचं ठाम मत.

लूकच्या दहाव्या अध्यायातला चांगल्या शोमरोन्याचा दाखला घ्या. 'माझा शेजारी कोण?' असं विचारणाऱ्या शास्त्र्याला येशू गोष्ट सांगतो आणि शेवटी त्यालाच विचारतो, या तिघांतला शेजारी कोण ठरला? यहुदी आणि शोमरोनी यांचं वैर जुनं. त्यामुळे शास्त्री दया करणाऱ्याचा उल्लेख करतो, 'शोमरोनी' म्हणत नाही.

या दाखल्यावर पंचवीस मिनिटं बोलताना मी दोनदाच थांबतो. पहिल्यांदा, याजक आणि लेवी जखमी माणसाला टाळून गेल्यावर. "ते का थांबले नसतील? एक कारण शेजारच्याला सांगा. शेजारी कुणी नसेल त्याला आपल्यात घ्या. दीड मिनिट आहे." प्रश्न कथेतल्या माणसांबद्दलचा असतो, कारण अनोळख्यापुढे स्वतःचं मन उघडायला कुणी तयार नसतं. हॉलमधला आवाज आधी चढतो, मग उतरू लागतो. तो उतरू लागताच मी म्हणतो, "चला, यरीहोच्या वाटेवर." आणखी थांबलं तर घरगुती गप्पा सुरू होतात. कीर्तनकार आख्यान रंगवून पुन्हा ध्रुपदावर येतात, तसंच हे वाक्य. रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही ख्रिस्ती कीर्तनं केली. परतण्याची ही रीत आपल्याला परकी नाही.

उत्तरांसाठी माईक फिरवू नये. एकच गृहस्थ लांबण लावतात आणि धागा त्यांच्या हाती जातो. त्याऐवजी मी हात वर करायला सांगतो: लुटारूंची भीती म्हणालेले? विटाळाची धास्ती? घाई? हात खाली आले की पुढचं वाक्य तयार असतं: ही सगळी कारणं जाणाऱ्याच्या स्वतःबद्दलची आहेत; आता जो येतोय त्याची नजर जखमीवर आहे. असं वाक्य आधी लिहून होत नसेल, तर तो प्रश्न गाळावा.

दुसरा थांबा अगदी शेवटी. तिथे जोड्या नाहीत, चर्चा नाही. येशूचाच प्रश्न मी सगळ्यांना विचारतो आणि गप्प राहतो. मग शास्त्र्याच्या ओठांवर न आलेला तो शब्द तीनशे माणसं एकदम उच्चारतात. त्यानंतर उपदेशकाने फार बोलू नये.