मुद्दे हवेत, पण ‘कारण’ गाळलेले नकोत

दहावीची परीक्षा जवळ आली की मुले पाठ्यपुस्तक मिटवतात आणि ‘धड्याचे मुद्दे’ शोधू लागतात. एका पानात धडा बसला म्हणजे उजळणी सोपी होते, हे खरेच आहे. प्रश्न एवढाच, की पान लहान करताना नेमके काय कापले जाते? बहुतेक वेळा आधी कापले जाते ते ‘कारण’, आणि विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत गुण नेमके त्यालाच असतात.

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग 1 मधील ‘गुरुत्वाकर्षण’ हा पहिलाच धडा घेऊ. त्यात गुरुत्व त्वरण, म्हणजे g, ठिकाणानुसार कसे बदलते हे सांगणारा भाग आहे. मुलांच्या वहीत त्याचे मुद्दे साधारण असे दिसतात:

• g = 9.8 मी/से²
• उंचीवर g कमी होते
• खोलीवर g कमी होते
• ध्रुवांवर g जास्त, विषुववृत्तावर कमी

चारही ओळी ढोबळमानाने बरोबर आहेत. तरीही ‘पृथ्वीच्या पोटात खोल गेल्यावर g कमी का होते, याचे शास्त्रीय कारण लिहा’ असा प्रश्न आला, तर या ओळी काहीच मदत करत नाहीत. उलट गोंधळ वाढतो. वर गेले तरी कमी आणि खाली गेले तरी कमी, मग नियम तरी कोणता?

आधी स्वाध्याय, मग मुद्दे

म्हणून सुरुवात धड्याच्या शेवटून करावी. स्वाध्यायातील प्रश्न वाचले की कुठे व्याख्या हवी, कुठे कारण, कुठे फरक आणि कुठे उदाहरण सोडवायचे आहे, हे कळते. मग एक उपभाग वाचून पुस्तक मिटावे आणि त्या प्रश्नाचे उत्तर आठवून लिहावे. पुस्तक समोर ठेवून लिहिले तर वाक्ये उतरवली जातात, मुद्दा तयार होत नाही.

g बदलण्याचा सगळा भाग एका सूत्रावर उभा आहे: g = GM/r². येथे r म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर आणि M म्हणजे ओढणारे वस्तुमान. प्रत्येक ठिकाणी यापैकी काय बदलले, एवढेच विचारायचे. मग मुद्दे असे होतात:

• भूपृष्ठावर g सुमारे 9.8 मी/से², ही किंमत सगळीकडे तंतोतंत सारखी नसते.
• उंचीवर: M तेच, r वाढतो, म्हणून g कमी.
• खोलीवर: r कमी होतो, पण ओढणारे वस्तुमानही कमी होते. घनता सगळीकडे सारखी मानल्यास वस्तुमानातील घट जास्त प्रभावी ठरते, म्हणून g कमी, केंद्रावर शून्य.
• ध्रुवांवर: पृथ्वी तेथे किंचित चपटी, r कमी, म्हणून g जास्त (सुमारे 9.83); विषुववृत्तावर सुमारे 9.78.

तिसऱ्या मुद्द्यातील ‘घनता सारखी मानल्यास’ ही अट अनेकांना फालतू वाटेल. पण प्रत्यक्षात पृथ्वीचा गाभा जास्त घन आहे, त्यामुळे खोलीनुसार g सरळ रेषेत कमी होत जात नाही. अट गाळली की बरोबर विधानही चुकीचे ठरू शकते.

मुद्दा जमला का, हे कसे ओळखायचे?

दुसऱ्या दिवशी फक्त मुद्द्यांचे पान घ्यावे आणि पुस्तकात जसाच्या तसा नसलेला प्रश्न सोडवावा. उदाहरणार्थ, पृथ्वीच्या त्रिज्येइतक्या उंचीवर 60 किलो वस्तुमानाच्या माणसाचे वजन किती होईल? पहिल्या यादीतून ‘कमी होईल’ एवढेच उत्तर मिळते. दुसऱ्या यादीतून पुढे जाता येते: r दुप्पट झाला, r² चौपट झाला, म्हणून g एक चतुर्थांश. भूपृष्ठावरचे 588 न्यूटन वजन 147 न्यूटन होईल, वस्तुमान मात्र 60 किलोच राहील. ‘वस्तुमान आणि वजन यांतील फरक’ हा प्रश्नही येथेच सुटतो.

उत्तर अडले तर पूर्ण धडा पुन्हा वाचायची गरज नाही. ज्या ओळीवर अडले, तिच्यात ‘म्हणून’ किंवा अट राहून गेली आहे का, ते पाहून तेवढीच ओळ दुरुस्त करावी.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. मुक्तिवेगाच्या सूत्राची सिद्धता किंवा आकडेमोडीची उदाहरणे मुद्द्यांत मावत नाहीत. ती हाताने सोडवावीच लागतात. मुद्द्यांच्या पानावर त्यासाठी फक्त सूत्र, एकके आणि ‘कुठून सुरुवात करायची’ एवढी खूण पुरेशी आहे.

गाइडमधले तयार मुद्दे वाचायला हरकत नाही, पण तेही याच कसोटीवर घासून पाहावेत. ज्या ओळीतून ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर निघत नाही, ती ओळ कितीही आटोपशीर असली तरी अपुरीच आहे. चार शब्द वाढले तरी चालतील, कारण सुटता कामा नये.