मण्यारीचा दंश आणि मुका चित्रपट

सर्पदंशाने भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य खेड्यातली आणि शेतात राबणारी आहेत. जुन्नर-आंबेगावला हा प्रश्न परका नाही. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाचा एकही मृत्यू होऊ नये यासाठी तेथे वर्षानुवर्षे काम केले आहे. परंतु पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातील महादेव कोळी, ठाकर वस्त्यांवर भिंतीवरच्या पत्रकाचा उपयोग किती? ज्यांना अक्षर साधत नाही त्यांच्यासाठी तीन-चार मिनिटांचा, शब्दांवाचून कळणारा चित्रपट हवा. तो कसा रचावा याचा विचार कार्यकर्त्यांनी केला पाहिजे.

मण्यारीचेच उदाहरण घेऊ. हा साप रात्री फिरतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही, सूज बहुधा येत नाही, खूणही अनेकदा सापडत नाही. जमिनीवर निजलेली बाई डास चावला समजून कूस बदलते. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते. मग पापण्या जड होतात, घोट उतरत नाही आणि अखेर श्वास थांबतो. म्हणजे जे दाखवायचे ते जवळजवळ अदृश्यच आहे. संहितेची खरी कसोटी येथे लागते.

पहिल्या दृश्यात ही बाई दिवसाउजेडी हसत, डोळे टक्क उघडे ठेवून भात वाढताना दिसावी. तोच चेहरा पुढे पडलेल्या पापण्यांनी आला की फरक सांगावा लागत नाही. दुसऱ्या दृश्यात रात्र आहे. साप पडदाभर मोठा करून दाखवू नये. तसा साप पाहून प्रेक्षक म्हणेल, असले अजगर आमच्याकडे नाहीत. तो उशाच्या तांब्याजवळून सरकावा, म्हणजे त्याचे आकारमान आपोआप कळते. तिचा हात झटकला जातो आणि ती पुन्हा झोपते. वेळ गेल्याचे घड्याळाने दाखवू नये. आकाश उजळावे, कोंबडा आरवावा. ती पोट धरून बसते, नवरा हात निरखतो, खूण नाही. आता तिचा चेहरा पडद्यावर दहा सेकंद तरी स्थिर राहू द्यावा.

यापुढे नेहमीची चूक होते. दोरी बांधणारा, पातीने जखम चिरणारा हात दाखवून त्यावर लाल फुली मारतात. फुलीचा अर्थ शाळेत शिकलेल्यांचा. इतरांच्या स्मरणात दोरी बांधणारा हातच राहतो. म्हणून चुकीची कृती दाखवूच नये. गावचा भगतच येतो, लाकडी फळी घेतो, हाताला सैलसर बांधून तो स्थिर करतो आणि तिला चालू न देता वाहनात बसवतो. भगताची टिंगल करणारा चित्रपट वस्तीत टिकणार नाही. भगताला योग्य काम देणारा टिकेल. पडद्यावर लिखित एवढेच असावे : १०८. हे आकडे अक्षरे न येणाराही फोनवर ओळखतो. शेवटी तेच घर, खाट, आणि अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी.

चित्रपट पुरा करण्यापूर्वी तो वस्तीत आवाज बंद करून दाखवावा. ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण उत्तर नेहमी ‘होय’ येते. ‘काय झाले ते सांगा’ म्हणावे. ‘काही शिळेपाके खाऊन तिचे पोट दुखले’ असे उत्तर आले, तर रात्रीचा हात आणि पहाटेची कळ यांचा दुवा तुटला आहे. ते दृश्य पुन्हा घ्यावे.

परंतु संहितेत एक दृश्य असे आहे की ते आपल्या हाती नाही : दवाखान्याचे. प्रतिविषाच्या पहिल्या मात्रेला साधारणतः आठ ते दहा कुप्या लागतात, मुलालाही तेवढ्याच. शिवाय मण्यारीच्या विषाने स्नायू एकदा लुळे पडले की प्रतिविषाने ते चटकन सुधारत नाहीत. रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. म्हणून आहुपेहून घोडेगावच्या वाटेवर गेलेला प्रत्येक तास मोलाचा आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात पावसाळाभर किमान दहा कुप्या आणि रात्री त्या देणारा डॉक्टर नसेल, रुग्णवाहिकेत श्वास देण्याची सोय नसेल, तर आपला चित्रपट खोटा ठरतो. एकदा फसलेला माणूस पुन्हा भगताकडेच जाईल, आणि त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही. कोपीत भुईवर निजणाऱ्या ऊसतोड मजुराला तर ‘खाटेवर झोपा’ सांगणे ही थट्टाच आहे.

२०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याची योजना केंद्र सरकारने २०२४ साली जाहीर केली आहे. तेव्हा ज्या दिवशी वस्तीत चित्रपट दाखवू, त्याच दिवशी आरोग्य केंद्राचे कपाट उघडून कुप्या मोजू या. कमी भरल्या, तर पुढला कार्यक्रम तालुक्याच्या कचेरीसमोर होईल.